लाख-कोटींचं सादरीकरण मिलियनमध्ये आणताना : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आज काम हातात आलं. कंपनी दुकानदारांना कार्ड आणि क्यूआर पेमेंटची यंत्रं पुरवते. विक्री, भाडं आणि देखभाल असे तिचे तीन विभाग आहेत. गुंतवणूकदारांसमोर ठेवायचं सादरीकरण तयार आहे, पण त्यातली प्रत्येक रक्कम लाखात किंवा कोटीत आहे आणि यावेळी वाचणारे लंडन आणि सिंगापूरचे. त्यांना सगळं मिलियन-बिलियनमध्ये हवं आहे, चलन रुपयाच. (या नोंदींतले कंपनीचे आकडे बदललेले आहेत.)

वित्त विभागातले सर म्हणाले, "कोटीला एक शून्य लावायचं, एवढंच ना? दुपारपर्यंत होईल."

मी म्हटलं, "सर, एकदा सगळी पानं बघते आणि मग सांगते."

हिशेब खरंच सोपा आहे. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. पण या फाइलमध्ये ताळेबंदावरून आलेली पानं लाखात आहेत आणि विक्री विभागाची पानं कोटीत. लाखाला दहाने भागायचं, कोटीला दहाने गुणायचं. एखाद्या ओळीत दिशा चुकली तर आकडा थेट शंभरपट फिरतो. १८ लाखांचे १.८ मिलियन व्हायला हवेत, त्यांचे १८० मिलियन होतात. तक्त्यात १८० हा आकडा विचित्र दिसत नाही, म्हणून तो नजरेतून सहज सुटतो.

३ जून

आज फक्त शोधाशोध. `Ctrl+F` ने `Cr`, `crore`, `lakh`, `lac`, `Rs` आणि `₹` असं एकेक करून शोधलं. एकाच फाइलमध्ये इतक्या तऱ्हा होत्या, कारण पानं वेगवेगळ्या हातांनी बनली आहेत.

शोधून-बदलण्याची आज्ञा मात्र मुद्दाम वापरली नाही. तिने `Cr` च्या जागी `mn` येईल, पण पुढचा आकडा तसाच राहील. म्हणजे १,२४७ कोटींचे १,२४७ मिलियन होतील, रक्कम दहावा हिस्सा उरेल आणि पान दिसायला अगदी नीटनेटकं दिसेल. पूर्ण शब्दाची अट घातली नाही तर "क्रेडिट" आणि "इन्क्रीज" या इंग्रजी शब्दांच्या पोटातलं `cr` सुद्धा बदललं जाईल, ते वेगळंच.

शोधात न येणाऱ्या जागा दोन. एक म्हणजे चित्र म्हणून चिकटवलेले तक्ते. या फाइलमध्ये ऑर्डर बुकचं पान तसं आहे, ते नव्याने बांधावं लागेल. दुसरी म्हणजे चार्टच्या आतला मजकूर. तो मी शोधावर सोडत नाही, प्रत्येक चार्ट उघडूनच पाहते.

`lakh` शोधताना पैशाशी संबंध नसलेले आकडेही सापडले: "३.४ लाख दुकानं", "१.२ लाख चौरस फूट गोदाम". परदेशी वाचकाला रुपये मिलियनमध्ये दिले आणि दुकानं लाखातच ठेवली तर निम्मंच काम झालं. हे दोन्ही आकडे मी पूर्ण लिहिणार आहे, म्हणजे ३४०,००० दुकानं आणि १२०,००० चौरस फूट. दहा लाखांच्या आतल्या संख्येला ०.३४ मिलियन म्हणण्यात वाचकाची काहीच सोय होत नाही. एका यंत्राची किंमत, एका कर्मचाऱ्यामागचा खर्च अशा सुट्या रकमांनाही हाच नियम.

४ जून

एकक ठरवण्याची बैठक. डिझाइनरचं म्हणणं, "ताई, बिलियन घेऊ या. आकडे छोटे होतात, पान मोकळं दिसतं." मोठ्या रकमांपुरतं ते बरोबर आहे. पण देखभाल विभागाचा परिचालन नफा ९६ लाख आहे. मिलियनमध्ये तो ९.६ होतो, आणि एका दशांशाच्या बिलियनमध्ये ०.०. ज्या तक्त्यात एका विभागाचा नफा शून्य छापला जातो, तो तक्ता खोटं बोलतो.

शेवटी असं ठरलं: कंपनीचे सगळे आकडे `₹ mn` मध्ये आणि ते पानाच्या उजव्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर लिहायचं. बाजारपेठेचं पान तेवढं बिलियन-ट्रिलियनमध्ये, कारण तिथे मिलियन घेतले तर शून्यांची रांग लागेल. एका तक्त्यात दोन एककं कुठेही नाहीत.

संक्षेपही ठरवून टाकला. नुसता `M` नको, कारण काही वित्तीय कागदपत्रांत `M` हजारासाठी आणि `MM` मिलियनसाठी वापरतात. `Cr` तर जायलाच हवा. परदेशी हिशेबनीसाला त्यात आधी "जमा" दिसतं, कोटी नाही.

५ जून

या कामातला खरा मुद्दा आज समोर आला, म्हणून ही नोंद सविस्तर.

विभागवार उत्पन्नाचं पान जुन्या फाइलमध्ये असं होतं (कोटी रुपये, २०२४-२५):

विक्री ७१२
भाडं ३८९
देखभाल १४५
एकूण १,२४७

बेरीज केली तर १,२४६ येते. एकाचा फरक. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की पूर्णांकामुळे बेरीज जुळणार नाही. हे योग्यच आहे, भारतातल्या कुठल्याही वाचकाला ते खटकत नाही.

आता सरांच्या पद्धतीने प्रत्येक आकड्याला एक शून्य लावून बघू. ७,१२०, ३,८९० आणि १,४५०, एकूण १२,४७०. घटकांची बेरीज १२,४६०. फरक दहा मिलियनचा झाला. मिलियनमध्ये पूर्णांक करून छापलेल्या तीन घटकांच्या तक्त्यात फरक फार तर दोनपर्यंत जाऊ शकतो: प्रत्येक घटकात जास्तीत जास्त अर्धा, शिवाय एकूण रकमेत अर्धा. दहाचा फरक पूर्णांकाने समजावता येतच नाही. परदेशी वाचकाला ती तळटीप सबब वाटेल, आणि त्याला तसं वाटणं बरोबरच आहे.

हे का होतं? कोटीत पूर्णांक केलेला आकडा मुळात दहा मिलियनच्या टप्प्याने मोजलेला असतो. त्याला शून्य लावलं की शेवटचं स्थान भरलेलं दिसतं, पण त्यात माहिती काहीच नसते. वाचक मात्र ते शून्य मोजून आलेलं समजतो.

म्हणून वित्त विभागाकडून मूळ आकडे मागवले. लेखापरीक्षित हिशेब लाखात, दोन दशांशांपर्यंत आहेत:

विक्री ७१,२३६.१८
भाडं ३८,९४१.७७
देखभाल १४,५०५.४७
एकूण १,२४,६८३.४२

दहाने भागून मिलियनमध्ये पूर्णांक केले तर ७,१२४, ३,८९४ आणि १,४५१ येतात, एकूण १२,४६८. घटकांची बेरीज १२,४६९. फरक पुन्हा एकाचाच. तळटीप पुन्हा खरी झाली.

अजून एक गोष्ट. हे गुंतवणूकदार लेखापरीक्षित हिशेबही सोबत उघडून बसणार. तिथे त्यांना १,२४,६८३.४२ लाख, म्हणजे १२,४६८.३ मिलियन सापडेल. सादरीकरणात १२,४७० असेल तर त्यांचा पहिलाच प्रश्न असेल, "यातलं खरं कोणतं?" त्या प्रश्नापुढे बाकीची पानं वाचली जात नाहीत.

६ जून

सरांना कालचे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला, दोन्ही बेरजा स्वतः केल्या आणि म्हणाले, "मग वाढीचे टक्केही बघा."

बघितले. आदल्या वर्षाचं उत्पन्न १,०९,८४७.१५ लाख. मूळ आकड्यांवरून वाढ १३.५ टक्के येते आणि सादरीकरणात तीच छापलेली आहे. पण जुन्या पानावरचे पूर्णांक कोटी घेतले, १,०९८ वरून १,२४७, तर वाढ १३.६ येते. शून्य लावून १०,९८० आणि १२,४७० केले तरी १३.६ च. मिलियनचे नवे आकडे, १०,९८५ आणि १२,४६८, घेतले की १३.५ मिळतात. म्हणजे वाचकाने पानावरूनच हिशेब केला तरी छापलेला टक्का निघतो.

एकक बदलल्याने टक्का बदलत नसतो. त्यामुळे सादरीकरणातल्या एकाही टक्क्याला हात लावायचा नाही. पण नव्या आकड्यांवरून तो पुन्हा निघतो का, हे प्रत्येक ठिकाणी तपासायचं. निघत नसेल तर आकडा मूळ पत्रकातून आलेला नाही, स्लाइडवरून आला आहे, असं समजायचं.

सरांनीच एक उपयोगाची माहिती दिली. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची तीनप्रमाणे एकूण उत्पन्न शंभर कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर हिशेब लाख, मिलियन किंवा कोटी यांपैकी कशातही मांडता येतात, अट एवढीच की एकदा घेतलेलं एकक सगळीकडे तेच हवं. म्हणजे मूळ पत्रकंच मिलियनमध्ये छापायला कायद्याची आडकाठी नाही. हा निर्णय आमचा नाही, पण त्यांनी तो संचालकांपुढे मांडायचं ठरवलं आहे.

९ जून

एक्सेलमध्ये नोंदवही बांधली. सादरीकरणातली प्रत्येक रक्कम एका ओळीत: पान क्रमांक, जुना मजकूर जसाच्या तसा, `D` रकान्यात मूळ पत्रकातला आकडा, `E` मध्ये त्याचं एकक. लाखातून थेट मिलियन आणि कोटीतून थेट मिलियन असे दोन रस्ते ठेवले नाहीत. आधी सगळं साध्या रुपयांत आणायचं आणि तिथून एकाच भागाकाराने मिलियन काढायचे:

```
F2:  =D2*SWITCH(E2,"lakh",10^5,"crore",10^7,"lakh crore",10^12)
G2:  =F2/10^6
```

एकक लिहायचं राहिलं किंवा चुकीचं लिहिलं तर `#N/A` येतं, आणि मला तेच हवं आहे. २ जूनच्या नोंदीतल्या शंभरपटीच्या धोक्याला यानेच आळा बसतो. दिशा आता माणसाच्या डोक्यात राहिलेली नाही, एककाच्या रकान्यात आहे.

ज्या रकमांना मूळ पत्रकच नाही त्या वेगळ्या रंगात. उदाहरणार्थ, अध्यक्षांच्या मनोगतातलं "तीन वर्षांत भाड्याचं उत्पन्न ५०० कोटींपर्यंत". हा अंदाज आहे. त्याचे "५,००० मिलियन" केले तर तो मोजून काढल्यासारखा वाटतो. तिथे "सुमारे ५ बिलियन रुपये" ठेवलं. मूळ आकडा जेवढा ढोबळ, तेवढाच ढोबळ नवाही राहिला पाहिजे.

१० जून

चार्टांचा दिवस.

पाच वर्षांच्या उत्पन्नाच्या चार्टची माहिती कोटीत होती. तिच्या जागी मिलियन भरले आणि पाचही खांब एकाच उंचीचे झाले, वरच्या कडेला टेकलेले. उभ्या अक्षाची कमाल मर्यादा कोणीतरी १,५०० वर पक्की करून ठेवली होती आणि आता सगळेच आकडे तिच्या वर गेले होते. मर्यादा १५,००० आणि टप्पा २,५०० केल्यावर चार्ट पहिल्यासारखा दिसू लागला. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो.

न दिसणारा दोष खांबांवरच्या लेबलांत होता. दोन वर्षांची लेबलं हाताने टाइप केलेली निघाली, त्यामुळे खालची माहिती बदलली तरी ती हलली नाहीत. पाहणाऱ्याला तीन खांबांवर मिलियन आणि दोनांवर कोटी दिसले असते. हे ओळखायची माझी रीत अशी: माहितीच्या तक्त्यात प्रत्येक वर्षाला थोडा वेळ ९९९ भरायचे आणि जे लेबल ९९९ होणार नाही ते हाताने लिहिलेलं आहे असं धरायचं. अशा लेबलावर उजवी क्लिक करून `Reset Label Text` दिलं की ते पुन्हा माहितीला जोडलं जातं. मग खरे आकडे परत भरायचे.

अक्षाच्या `Display units` मध्ये मिलियनचा पर्याय असतो आणि तो निवडायचा मोह होतो. पण त्याला खालची माहिती पूर्ण रुपयांत लागते. आपली माहिती आधीच मिलियनमध्ये असेल तर १२,४६८ चे ०.०१२४६८ होतात. या फाइलमध्ये तो सगळीकडे `None` ठेवला.

११ जून

स्वल्पविराम. यात अपेक्षेपेक्षा कमी काम निघालं, कारण ९९,९९९ पर्यंत दोन्ही पद्धतींची मांडणी सारखीच असते. १२,४६८ भारतातही तसाच लिहितात आणि लंडनलाही. आपल्या मिलियनमधल्या बहुतेक रकमा त्याच्या आतच आहेत.

प्रश्न उरतो तो पूर्ण लिहिलेल्या मोठ्या संख्यांचा. एक्सेलचं साधं `#,##0` हे स्वरूप विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे वागतं. माझ्या संगणकावर भारतीय सेटिंग आहे, म्हणून मला ३,४०,००० दिसतं. हीच फाइल त्यांच्याकडे ३४०,००० दाखवेल. हे सोयीचंच आहे. पण कोणीतरी जोडपत्रात भारतीय मांडणी हाताने बांधून ठेवली होती:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

हे स्वरूप जगात कुठेही उघडलं तरी लाख-कोटींचेच स्वल्पविराम दाखवणार. ते काढून `#,##0` केलं. आणि स्लाइडवर टाइप केलेल्या संख्यांना कुठलंच सेटिंग लागू होत नाही, त्या हातानेच बदलाव्या लागतात.

`FY25` च्या जागी पहिल्या उल्लेखाला "३१ मार्च २०२५ रोजी संपलेलं वर्ष" असं लिहिलं. ज्यांचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपतं त्यांना नुसत्या २५ वरून काही कळत नाही.

१२ जून

बाजारपेठेचं पान. यूपीआयचे आकडे, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मासिक तक्त्यातून घेतलेले आहेत. त्या तक्त्यात व्यवहारांची संख्या मिलियनमध्ये असते आणि मूल्य कोटीत. म्हणजे एकाच ओळीत दोन पद्धती. ऑक्टोबर २०२४ साठी १६.५८ अब्ज व्यवहार आणि २३.५० लाख कोटी रुपये.

मूल्य २३.५० ट्रिलियन रुपये झालं आणि संख्या १६.५८ बिलियन. हे बरोबर आहे का, हे तपासायचा उत्तम मार्ग म्हणजे एकाला दुसऱ्याने भागणं. २३.५० ट्रिलियन भागिले १६.५८ बिलियन म्हणजे एका व्यवहारामागे सुमारे १,४१७ रुपये. पटण्यासारखी रक्कम. जुन्या पानावर मात्र सरासरी १४२ रुपये लिहिली होती. कोणीतरी तक्त्यातले कोटीचे आणि मिलियनचे आकडे आहेत तसे एकमेकांना भागले होते, त्यामुळे दहापट कमी. म्हणजे हा दोष एकक बदलण्याच्या आधीपासूनचा, आणि केवळ एकक बदलताना प्रत्येक गुणोत्तर पुन्हा काढलं म्हणून सापडला.

त्यानंतर मी सादरीकरणातली सगळी "प्रत्येकी" गुणोत्तरं काढून बघितली: एका यंत्रामागे भाडं, एका दुकानामागे उत्पन्न, एका कर्मचाऱ्यामागे खर्च. दहापट किंवा शंभरपट चूक मोठ्या एकूण रकमेत दिसत नाही. एका यंत्राचं महिन्याचं भाडं चार आकडी झालं तर विक्री विभागातला कोणीही लगेच सांगतो की हे शक्य नाही.

१३ जून

गुंतवणूकदारांच्या बाजूने विचारणा आली: डॉलरचा एक रकाना देता येईल का?

मी सरांना सुचवलं की मुख्य पानांवर नको. लाखातून मिलियनमध्ये जाताना रक्कम तीच राहते, डॉलरमध्ये जाताना दर मध्ये येतो. वर्षभराच्या उत्पन्नाला सरासरी दर लागतो, ३१ मार्चच्या कर्जाला त्या दिवसाचा. दोन वर्षांचे दर वेगळे असले की वाढीचा टक्काही रुपयातल्यापेक्षा वेगळा येतो आणि आपले १३.५ कुठून आले हे पुन्हा समजावत बसावं लागतं. ठरलं असं की जोडपत्रात फक्त शेवटच्या वर्षाचे मोजके आकडे डॉलरमध्ये द्यायचे, रुपया-डॉलरचा संदर्भ दर जाहीर करणाऱ्या एफबीआयएल या संस्थेचा मार्चअखेरचा दर एकसारखा लावायचा आणि हे केवळ सोयीसाठी आहे, कोणत्या दिवसाचा कोणता दर घेतला, हे तिथेच लिहायचं.

१६ जून

शेवटची तपासणी आज वित्त विभागातल्या एका सहकाऱ्याने केली. तिने जुनं सादरीकरण पाहिलेलं नव्हतं. तिच्या हातात फक्त नवी छापील प्रत आणि लेखापरीक्षित हिशेब दिले. प्रत्येक रक्कम तिने हिशेबातून शोधून काढली आणि प्रत्येक बेरीज पुन्हा केली. एका पानावर तक्त्याचं शीर्षक `₹ mn` झालं होतं, पण खालच्या वाक्यात `₹23Cr` राहिलं होतं. आकडा आणि `Cr` मध्ये जागा नव्हती आणि शोधाला पूर्ण शब्दाची अट होती, शिवाय रुपयाचं चिन्ह वेगळ्या फाँटमधलं, म्हणजे मुळात दुसरंच अक्षर होतं, म्हणून शोधात आलं नव्हतं. मूळ पत्रकात २,३१४.६० लाख आहेत, तिथे २३१ मिलियन केलं.

पाठवताना पीडीएफ पाठवली, म्हणजे कोणाच्या संगणकाच्या सेटिंगने काही हलणार नाही. सोबत नोंदवहीतून रुपये आणि मिलियनचे रकाने असलेली एक्सेल फाइल जोडली.

१८ जून

लंडनहून पहिला प्रश्न आला: विभागांची बेरीज १२,४६९ येते आणि एकूण १२,४६८ का? सरांनी उत्तरात तिन्ही विभागांचे एका दशांशापर्यंतचे आकडे पाठवले, ७,१२३.६, ३,८९४.२ आणि १,४५०.५, एकूण १२,४६८.३. त्यावर पुढचा प्रश्न आला तो भाडे विभागाच्या ग्राहकगळतीबद्दल.

पुढच्या तिमाहीसाठी नोंदवहीत मूळ आकड्याच्या रकान्याला वित्त विभागाच्या पत्रकातला सेल थेट जोडून दिला आहे.